व्हय म्हाराजा

दुपारचा स्वयंपाक आवरून अस्मिता शिलाई मशीनवर बसली की फोन वाजायचा. स्क्रीनवर किशोरीचं नाव दिसलं की गुरुदास, तिचा नवरा, ताटावरूनच दोन्ही हात जोडायचा.

"गाऱ्हाणा सुरू झाला! व्हय म्हाराजा!"

"गप जेव मेल्या."

पण त्यानं बरोबर बोट ठेवलं होतं. देवळात गावकर, म्हणजे गावचा मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालतो, याचं बरं कर, त्याची इडापिडा टाळ, आणि भोवताली उभी असलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्यांना दुसरं काही बोलायचं नसतं. अस्मिताचं आणि किशोरीचं नातंही तसंच चाललं होतं, फक्त देवाच्या जागी कोणीच नव्हतं. सासूचं, नणंदेचं, देवबागला नव्यानं काढलेल्या होमस्टेचं, पाहुण्यांच्या मागण्यांचं गाऱ्हाणं किशोरी घालायची आणि अस्मिता मशीनचं चाक थांबवून "व्हय गो", "खरा गो", "तुझाच बरोबर गो" म्हणत राहायची. फोन ठेवताना किशोरी म्हणायची, "आता माका हलका वाटता." इकडे अस्मिताचा ब्लाऊज अर्धाच शिवलेला आणि डोकं जड.

बरं, नुसतं ऐकून भागत असतं तर चाललंही असतं. पडदे शिवून दे. उशांचे अभ्रे शिवून दे. स्वयंपाकीण पळाली, ये आणि घावणे घाल. सासूला दवाखान्यात न्यायचंय, तू बस तिच्याजवळ, माझे पाहुणे यायचेत. अस्मिता मालवणची एसटी पकडून जायची. का जायची? लग्न होऊन या गावात आली तेव्हा शेजारच्या घरात किशोरी होती, अजून लग्न न झालेली, टणाटणा बोलणारी. अस्मिताचं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा ही पोरगी आठवडाभर तिच्या उशाशी बसून होती. केस विंचरून द्यायची, पेज भरवायची, रडायला लागली की बरोबरीनं रडायची. तो आठवडा खरा होता. गोची तिथंच होती. तो खोटा असता तर अस्मिता कधीच सुटली असती.

आणि मग आंघोळ करताना एक दिवस हाताला गाठ लागली.

कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करवून घेतली आणि म्हणाल्या, "घाबरू नका, पण सुईनं तुकडा काढून तपासलेलं बरं. गोव्याला, बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात जा. या गुरुवारीच जा."

घरी येऊन अस्मितानं पहिल्यांदाच आपणहून किशोरीला फोन लावला.

"बरा झाला तूच फोन केलंस!" किशोरी म्हणाली, आणि वॉटर स्पोर्टवाल्या पोरांनी तिच्या अंगणात गाड्या कशा लावल्या, ते सुरू झालं. त्यानंतर पडद्यांचा रंग. त्यानंतर नवी स्वयंपाकीण. अस्मिता वाट बघत राहिली. शेवटी मध्येच घुसली.

"किशोरी, माका गाठ आसा. छातीत. गुरुवारी बांबोळीक जातंय."

"अरे देवा," किशोरी म्हणाली आणि क्षणभर थांबली. त्या क्षणावर अस्मिता नंतर कितीदा तरी परत जाऊन आली. तेवढ्यापुरती ती खरंच थांबली होती.

"अगो, गाठी बायकांका आसततच. माझ्या नणंदेक दोन होत्यो, काय झाला नाय तिका. पण गुरुवारी म्हणतंस? गुरुवारी माझे पुण्याचे पाहुणे येतत गो! घावणे कोण घालतला? तू शुक्रवारी जा मगे बांबोळीक."

आणि अस्मिता म्हणाली, "बघतंय."

फोन ठेवल्यावर तिला जो राग आला तो किशोरीचा नव्हताच आधी. त्या "बघतंय"चा होता. आपल्या जिभेवर हे कोण बसलंय? छातीत गाठ, आणि जीभ म्हणते बघतंय! तिनं कात्री उचलली आणि किशोरीच्या अभ्र्यांचं कापड टराटरा फाडावं असं मनात आलं. फाडलं नाही. चांगलं कापड होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं कारणं द्यायला सुरुवात केली.

"गुरुवारची गाडी सांगलेली आसा गो."

"गाडीवाल्याक मी सांगतंय, शुक्रवारी येतलो."

"गुरुदासान रजा घातली."

"दी फोन गुरुदासाक, मी बोलतंय."

"डॉक्टरनी गुरुवारच सांगल्यानी."

"डॉक्टर काय, सगळ्यांका तसाच सांगतत."

अस्मिताच्या तेव्हा लक्षात आलं. आपण कारण सांगतो म्हणजे दार किलकिलं ठेवतो. कारण दिलं की किशोरी ते कारण सोडवून देते, आणि सोडवून झालं की आपल्याकडे नाही म्हणायला काही उरत नाही. नाही म्हणायचं असेल तर नुसतं नाहीच म्हणायला हवं. कारणाशिवाय. तेच तिला आयुष्यात जमलं नव्हतं.

बुधवारी तिनं शिवून झालेले अभ्रे पिशवीत भरले आणि देवबागला गेली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे चिंचोळी वाळू आणि तिच्यावर किशोरीचं नवं घर, निळ्या रंगाचं.

"इलंस!" किशोरीनं आधी पिशवी घेतली, एक अभ्रा काढून शिवण बघितली. "उद्या येतलंस ती आजच इलंस? बरा झाला, रव."

"रवाक येवक नाय. ह्ये शेवटचे." अस्मितानं हात पदरात गुंडाळले. "उद्या मी येवचंय नाय. मगे पण येवचंय नाय. दुपारचे फोन पण नको आता. माका जमना नाय."

किशोरी हसली. "रागावलंस?"

"व्हय."

इतक्या वर्षांत हा एकच व्हय तिनं स्वतःसाठी म्हटला होता.

"बरा, पाहुणे गेले की मी येतंय तुझ्यासोबत बांबोळीक. झाला?"

हे ऐकून अस्मिता विरघळलीच होती. येते म्हणतेय बिचारी. मग तिनं किशोरीच्या हाताकडे बघितलं. तो अजून अभ्रा चाचपत होता.

"किशोरी, तू माका विचारलंस पण नाय, खंयच्या बाजूक आसा ती गाठ."

"आता विचारतंय. खंयच्या?"

"आता नको."

मग मात्र किशोरीचा चेहरा उतरला आणि ती फणकारली. "तुझा पोर गेला तेव्हा तुझ्या उशाक कोण बसला होता? इसारलंस?"

"इसरूक नाय. मरासर इसरूचंय नाय. पण त्या आठवड्याच्या जोरावर तू माका जन्मभर नाचवतंस, आणि मी नाचतंय. आता पुरे."

"जा तर! बघतंय किती दिवस रवतंस माझ्याबिगर."

परतीच्या एसटीत अस्मिताचे दात वाजत होते. थंडी नव्हती.

बांबोळीला गुरुदास तिच्यासोबत होता. सुई टोचताना बाहेर बसून घामाघूम तोच झाला. काही दिवसांनी रिपोर्ट आला: साधी गाठ, वाईट काही नाही, सहा महिन्यांनी परत दाखवा. अस्मितानं फोन हातात घेतला आणि अंगठा सरळ किशोरीच्या नावावर गेला. आनंदाची बातमी पहिली तिलाच सांगायची सवय. नंतर तिला वाटलं, पण सांगितली कधी होती आपण? एक तरी बातमी पुरी सांगून झाली होती?

मेसेज येतच होते. आधी शिव्या, मग दोघींचा जुना फोटो, मग "जेवान जाना नाय", मग रडका व्हॉइस मेसेज. त्यांना उत्तर नाही मिळालं तेव्हा किशोरीनं काशीबाईंना, अस्मिताच्या सासूला, फोन लावला.

"पोर रडता," काशीबाई ओसरीवर बसून म्हणाल्या. "माझ्या डोळ्यादेखत वाढली ती. तुझ्यासाठी काय करूक नाय तिना? एवढा काय केल्यान तरी?"

अस्मितानं सांगायचा प्रयत्न केला. घावणे. अभ्रे. दवाखाना. शुक्रवारी जा म्हणाली ते. सांगताना तिचं तिलाच ते चिल्लर वाटायला लागलं. एकेक गोष्ट सुटी करून ठेवली की तिच्यात काही वजनच राहत नव्हतं. काशीबाई मान हलवत राहिल्या. "एवढ्यासाठी मैतरीण सोडतत?"

दुपार झाली की तिची नजर फोनकडे जायची. फोन वाजत नव्हता, मशीन सलग चालत होती, ब्लाऊज वेळेवर होत होते, आणि अस्मिताला चोरी केल्यासारखं वाटत होतं. चोरी केली तरी काय? स्वतःचीच दुपार! याचाही तिला संताप यायचा. घेणारीनं मजेत झोपावं आणि देणारीनं देणं थांबवलं म्हणून पाप लागल्यासारखं फिरावं, हा कुठला न्याय?

पण संतापून टोचणी थांबेना. तेव्हा तिनं एकदा नीट बसून विचार केला, की यात आपलं चुकलं नेमकं काय. सोडलं ते चुकलं? नाही. तिथं मन हलेना. मग कुठं टोचतंय? टोचत होतं ते इतकी वर्षं न बोलण्याचं. किशोरीला कधी एक साधं नाही ऐकायला मिळालं नव्हतं, आणि मिळालं ते एकदम, दारात, अभ्र्यांच्या पिशवीसकट. शिवाय आपल्यालाही आवडत होतंच की, कुणाचं तरी आपल्यावाचून अडतंय हे. एवढी चूक आपली. एवढीच. बाकीची टोचणी नुसती सवय मोडल्याची. ती आपण होऊन थांबेल तेव्हा थांबेल.

तिनं मेसेज लिहिला: "मी आदीच सांगूक होया होता, एकदम सांगलंय ता माझा चुकला. पण सांगलंय ता खरा आसा."

उत्तर लगेच आलं. "म्हणजे रविवारी येतंस मा? बारा माणसा आसत."

अस्मिता हसत सुटली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं की कशाचं, ते तिला कळलं नाही. फोनचा आवाज तिनं किशोरीपुरता बंद करून टाकला.

गावच्या जत्रेला किशोरी माहेरी आली. येणार हे अस्मिताला ठाऊक होतं, तरी तिनं देवळात जायचं टाळलं नाही. गर्दीत किशोरी वाळलेली दिसली, डोळ्यांखाली काळं. अस्मिता कळवळली. किशोरीनं नारळ पुढे केला आणि गावकरांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकीन देवबागाक जो धंदो मांडल्यान, त्येका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अस्मिताही म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. त्यात तिला काही खोटं वाटलं नाही. होऊ दे तिचं बरं. देव बघेल, त्याला दुपारचा वेळ असतो.

बाहेर आल्यावर किशोरीनं गाठलंच. "गाठीचा काय झाला गो?"

विचारलं, शेवटी विचारलं तिनं. अस्मितानं लगेच सांगितलं. "साधी होती. डाव्या बाजूक."

"सुटलंस मगे! अगो, माझ्याकडे काय झाला आयक, ती नवी स्वयंपाकीण..."

"नाय गो," अस्मिता म्हणाली. आवाज चढवला नाही, कारण दिलं नाही. तिनं किशोरीच्या खांद्याला हात लावला आणि गर्दीतून सरळ खाजेवाल्याकडे चालू लागली. कळवळणं बरोबर आलं. येऊ दे.

काशीबाई गुळाचं खाजं चघळत बसल्या होत्या. "काय म्हणाली किशोरी?"

"सांगूक लागली होती."

"मगे?"

"मी आयकूक नाय."

काशीबाईंनी तिच्याकडे रागानं बघितलं. मग खाज्याचा कागद तिच्यापुढे सरकवला.