पंचवीस मिलिमीटर

कारखान्यातल्या वाफेचा हिशेब जिच्याकडे होता तिला गेटवरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळेच ताई म्हणत. खरं तर तो हक्क तिथे एकाचाच होता. तिचा धाकटा भाऊ सुकवणी शेडमध्ये मशीनवर होता, आणि आईसह तिघं एकाच घरात राहत होती.

बॉयलरपासून त्या शेडपर्यंत दोनशेवीस मीटर वाफेची नळी जात होती. तिच्यावरचं जुनं आवरण गळतीच्या पाण्याने भिजून लोंबायला लागलं होतं, काही ठिकाणी तर नळी उघडीच पडली होती. नवं आवरण किती जाड घालायचं, हे ठरवणं ताईचं काम. लोकांना वाटतं, जितकं जाड तितकं चांगलं. तसं नसतं. उघड्या नळीतून मीटरमागे हजारेक वॅट उष्णता वाया जाते. पंचवीस मिलिमीटर खनिज लोकर गुंडाळली की ती सव्वाशेवर येते. पन्नासला शहात्तर, पंचाहत्तरला सत्तावन्न, शंभरला सत्तेचाळीस. म्हणजे पहिला थर जवळजवळ सगळं वाचवतो आणि पुढचा प्रत्येक थर आधीच्यापेक्षा कमी, खर्च मात्र थरागणिक वाढतच जातो. वाया जाणाऱ्या इंधनाचा खर्च आणि आवरणाचा खर्च यांची बेरीज जिथे सगळ्यात कमी, ती जाडी खरी. नळी वर्षाला आठ हजार तास चालणार आणि आवरण दहा वर्षं टिकणार, असं धरून ताईने गणित मांडलं. उत्तर आलं पंचाहत्तर.

साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, दहाच्या जागी दोन वर्षं धरून परत करा.

ताईला वाटलं, बोलण्यात चूक झाली. तिने सांगितलं, की आवरण दहा वर्षं आरामात टिकतं.

"आवरण टिकेल," साहेब म्हणाले. "शेड टिकणार नाही."

मग त्यांनी उठून दार लावलं. दोन वर्षांनी शेड बंद करायचं वरून ठरलं होतं. कामगारांना सहा महिन्यांनी सांगणार होते, तोवर कुणाच्या कानावर जाता कामा नये. तिचा भाऊ तिथे आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी ते दोनदा बजावलं. बातमी फुटली तर कुठून फुटली हे शोधायला लागणार नाही, असंही म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

ती जागेवर येऊन बसली. तास तेच, इंधनाचा दर तोच, फक्त एक आकडा बदलला. दोन वर्षांत दुसरा थरसुद्धा आपला खर्च भरून काढत नव्हता. उत्तर आलं पंचवीस. तिने तीनदा तपासलं, कुठेतरी चूक सापडावी म्हणून. गणित चुकीचं असतं तर सही करायला नकार देता आला असता. वरून हात लागला तरी भाजेल, एवढी तरी सबब मिळावी म्हणून तिने आवरणाच्या पृष्ठभागाचं तापमान काढलं. तेही पन्नास अंशांच्या आतच आलं. सही नाकारायला कारणच उरलं नाही. तिने सही केली. ठेकेदाराकडे जो आदेश गेला त्यात वर्षांचा उल्लेख नव्हता, नुसती जाडी होती.

नेमकं त्याच आठवड्यात भावाला दुसऱ्या कारखान्यातून बोलावणं आलं. गाव दोन तासांवर, काम असंच, आणि शनिवारपर्यंत होय की नाही कळवायचं होतं. आईचे गुडघे धरलेले, तिला सोडून कसं जायचं, असं त्याचं चाललं होतं. जेवताना तो म्हणाला, "आपली शेड चालेल ना गं बरीच वर्षं? नळीला नवं आवरण घालतायत म्हणे. बंद करायची असती तर खर्च कशाला केला असता?"

पाणी पिऊन ताई म्हणाली, नवी जागा चांगली दिसते, माणसाने एकाच ठिकाणी रुतून राहू नये.

"ते जाऊ दे. तू सरळ सांग, तुझ्या कानावर काही आलंय का?"

आई तिच्याकडे बघत होती. भाऊ ताटातला हात थांबवून बघत होता. बोलावं तर आपली नोकरी जाते, आणि पुढे घरात तेवढा एकच पगार उरणार होता. गप्प राहावं तर हा बुडतो.

"मला काय माहीत," ताई म्हणाली.

त्याने शुक्रवारी नकार कळवला आणि हलका झाला. त्या दिवशी आईला डॉक्टरकडे नेऊन आणलं, घरातला गळका नळ बदलला. ताई त्याला पाने हातात देत उभी राहिली. तोंड उघडायला तिच्याकडे अजून अख्खा एक दिवस होता. तो दिवसही गेला.

सोमवारी आवरणवाला मिस्त्री माल घेऊन आला. तीस वर्षं नळ्या गुंडाळून हाताची बोटं खरखरीत झालेला माणूस. शेडच्या दाराशी त्याने पहिला गठ्ठा सोडला, लोकरीची जाडी बोटांत धरून पाहिली आणि आदेशाचा कागद पुन्हा वाचला. मशीनवरची माणसं चहाला बाहेर आली होती, त्यांत भाऊही होता.

"दिवसरात्र चालणाऱ्या एवढ्या नळीला पंचवीस?" मिस्त्री म्हणाला. "असं मी दोनदाच घातलंय. दोन्ही वेळा वर्षा-दोन वर्षांत कुलूप लागलं."

कुणीतरी हसलं. भाऊ हसला नाही. कप तिथेच ठेवून तो सरळ ताईच्या खोलीत आला आणि दारातच उभा राहिला.

"तो पंचवीसचा आकडा कुणी काढला?"

"मी."

"किती वर्षं धरून?"

"दोन."

तो ओरडला नाही. तिथूनच त्याने दुसऱ्या कारखान्यात फोन लावला. जागा शनिवारीच भरली होती.

दुपारपर्यंत सगळ्या शेडला कळलं. साहेबांनी ताईला बोलावलं आणि तिने तोंड उघडलं का, विचारलं. तिने सांगितलं, की आपण होऊन तिने काही सांगितलं नाही, मिस्त्रीने मालावरून ओळखलं. "सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "तेवढंच चुकलं." साहेबांनी मिस्त्रीला बोलावून खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी शेडच्या माणसांनी काम बंद ठेवलं, तेव्हा सहा महिन्यांनी सांगायचं ते चार दिवसांत जाहीर करावं लागलं. लोकांना दुसरीकडे बघायला तेवढा अवधी जास्त मिळाला. ताईची नोकरी राहिली. चहाच्या वेळी तिच्या टेबलाशी बसायला मात्र कुणी येईना.

चार महिन्यांनी भावाला काम मिळालं, आगगाडीने एका दिवसाच्या अंतरावर. तो निघाला तेव्हा ताईने बॅग उचलायला हात पुढे केला. त्याने बॅग स्वतःच घेतली.

"आईला बुधवारी दवाखान्यात न्यायचंय," तो म्हणाला. "तू आहेस ना इथे?"

"आहे," ती म्हणाली. "मी इथेच आहे."

रिक्षा वळेपर्यंत ती फाटकात उभी राहिली. मग आत जाऊन तिने आईच्या औषधांचा डबा काढला आणि बुधवारची रजा मागायचा अर्ज लिहायला बसली.