धुडकूमधला ड

परीक्षेची तिसरी खेप, आणि शेवटची. दोनदा नापास झालेल्याला कंपनी आणखी एकदा बसू देते, पुढे नाव काढायचं नाही. जयश्रीला पास व्हायलाच हवं होतं. घरी लिंबायतला, परराज्यातल्या त्या मराठी वस्तीत, आईने, शोभाबाईने, साड्यांना खडे चिकटवायचं काम सोमवारपासून दोघींसाठी सांगूनही ठेवलं होतं. त्या कामाला एकदा बसलेली पोरगी मान वर काढत नाही, हे जयश्री गल्लीत रोज बघत होती.

कंपनीतलं काम परदेशातल्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं. इंग्रजी तिचं फर्डं होतं, घोडं अडलं ते ट आणि ड पाशी. आपण ट म्हणताना जीभ मागे वळवून टाळूवर आपटतो. इंग्रजांची जीभ एवढी लांब जातच नाही हो! पहिल्या परीक्षेत जयश्रीने असे दणकून ट आपटले, की परीक्षकाने मध्येच थांबवलं. दुसऱ्या वेळी घाबरून जीभ इतकी पुढे आणली, की ती दातांनाच चिकटली आणि टाइमचा ताइम झाला. पुन्हा नापास.

शेवटी शिकवणाऱ्या छाया मॅडमनी डोक्याला हात लावला. बाई मूळच्या धुळ्याच्या.

"चूल म्हण गं," त्या म्हणाल्या. "चहातला च नको, चुलीतला. जीभ कुठे लागली?"

"वरच्या दातांच्या मागे. हिरडीला उंचवटा आहे, तिथे."

"मग तिथेच थांब. च मधला तो स्स बाहेर पडू देऊ नकोस, जीभ नुसती सोड. हाच त्यांचा ट. जाळं म्हणताना तसंच केलंस की ड."

मग तोंडासमोर पातळ कागद धरायला लावला. शब्द ट ने सुरू झाला तर कागद हलला पाहिजे, ड ला हलता कामा नये. बारा दिवस पोरीने तो कागद सोडला नाही. भाकरी थापतानाही तोंडाने टेन, डोअर, टीचर चालू. बाप कारखान्यातल्या यंत्रमागावरून घरी आला की म्हणायचा, "हिला काय झालंय?"

आज समोर परीक्षक बसले होते, योगेश सर. तेही मराठीच, पण कंपनीत मराठीचा एक शब्द तोंडातून काढतील तर शपथ. दोन चुका झाल्या की नापास, एवढं सांगून त्यांनी रेकॉर्डिंग चालू केलं.

उतारा सुरळीत पार पडला. मग सर चिडलेलं गिऱ्हाईक झाले आणि अंगावर ओरडायला लागले. घाई केली की जीभ मागे पळते, हे जयश्रीला ठाऊक होतं. प्रत्येक वाक्याआधी तिने क्षणभर थांबून जीभ जागेवर आणली. टुडे, डिलिव्हरी, ऑर्डर, टिकेट, सगळे जिथल्या तिथे पडले. सरांचा कागद कोराच राहिला.

"पूर्ण नाव सांगा," सर इंग्रजीत म्हणाले.

"जयश्री धुडकू पाटील."

सरांनी कागदावर दोन फुल्या मारल्या. एक ड ची, एक ट ची.

"सर, ते नाव आहे माझं," जयश्री सरळ मराठीत बोलली.

"चूक ती चूक," सर इंग्रजीतच म्हणाले.

आता मात्र तिची सटकली. दोन वेळा गुपचूप मान खाली घालून गेली होती, आज नाही. "चूक झाली नाही सर. ऐका." तिने जीभ उंचवट्याला लावली आणि दोन्ही शब्द इंग्रजी वळणाने म्हटले, अगदी स्वच्छ. "हे मला येतं. पण धुडकू इंग्रजी शब्द नाही. माझ्या बापाला असं कुणी हाक मारत नाही."

सरांनी रेकॉर्डिंग मागे नेऊन ऐकलं. पुन्हा ऐकलं. जयश्रीने टेबलाची कड घट्ट धरली होती. मग त्यांनी फुल्या खोडल्या आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाले, "पास. नावं आपण मोजत नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. रडूच आलं बिचारीला, पण तिने आवरलं.

"सोमवारी या," सर नवा फॉर्म भरत म्हणाले. "आणि हे नाव तसंही फोनवर सांगायचं नाही. तिथे प्रत्येकाला सोपं नाव असतं. तुमचं टीना. म्हणून बघा."

जयश्रीने त्यांच्याकडे पाहिलं. खडे चिकटवायचे डबे डोळ्यांपुढे आले, बाप आला. तिने जीभ उंचवट्याला लावली आणि सोडली.

"टीना."

"वा! एकदम परफेक्ट," सर म्हणाले.

इतकं अचूक आलं, याचाच जयश्रीला राग आला.