चँपियनची निवड

आमच्या ऑफिसात एक चँपियन होता. इंटरनेट बंद पडलं की लोक ज्यांच्या नावानं खडे फोडतात, ते आम्ही. तक्रारी रांगेत येतात, ज्याचा हात मोकळा तो पुढची उचलतो. महिनाअखेरीस सर्वांत जास्त तक्रारी मिटवणाऱ्याचा फोटो भिंतीवर लागतो. चँपियनचा फोटो तिथून कधी उतरतच नसे.

सर्वांत खाली नाव असायचं अक्काचं. वयानं मोठी, बोलायला तुसडी, कामाला चोख. यंदा एक माणूस कमी करायचा असं वरून आलं, आणि साहेबांनी यादीच्या तळावर बोट ठेवलं. अक्काच्या पगारावर घर चालतं आणि अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं औषधपाणीही.

"मॅडम, तिला तुम्हीच सांगा," साहेब मला म्हणाले. "तुमचं तिच्याशी जमतं."

माझं कुणाशीच जमत नाही. पण टीम माझी होती, म्हणून मी नुसती आकड्यांकडे न बघता चँपियनच्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. काय कलाकार माणूस! पासवर्ड विसरल्याची तक्रार आली की घारीसारखी झडप. दोन मिनिटांत मिटली, खात्यात एक जमा. केबल तुटल्याची आली, की उघडायची, नाक मुरडायचं आणि गुपचूप परत रांगेत सोडायची. मग एकदम तहान लागायची. पाणी पिऊन येईपर्यंत ती अक्कानं उचललेली असायची.

जुन्या, कुजत पडलेल्या तक्रारींचा इतिहास मी उघडून पाहिला. जवळपास प्रत्येकीत पहिलं नाव त्याचंच. उघडली, सोडली. उघडली, सोडली. भाजीवाल्याकडे टोमॅटो दाबून दाबून बघतात तसं.

सोमवारी मी, ज्यानं त्यानं आपापली तक्रार उचलण्याची सोय बंद केली. वाटणी मी हातानं करणार. एक अवघड तक्रार म्हणजे तीन सोप्या, असा हिशेब धरला. कुणाच्या हातात किती काम बाकी आहे ते पाहून प्रत्येकाला सारखं वजन द्यायचं.

चँपियन तडक माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, माझा वेग मारला जातोय."

"कसला वेग?" मी म्हटलं. "उताराला सायकल सोडून दिलीस, तिला वेग म्हणतोस?"

पण गडी हरणारा नव्हता. दुपारपर्यंत त्यानं नवी युक्ती काढली. ग्राहकाकडून उत्तर यायचं असेल तोवर तक्रारीला लागलेला वेळ मोजणारं घड्याळ थांबतं. म्हणून प्रत्येक अवघड तक्रारीला तो एक प्रश्न पाठवून मोकळा. एका दवाखान्याचं इंटरनेट सकाळपासून बंद होतं, रिपोर्ट अडकले होते, आणि या दिवट्यानं डॉक्टरांना विचारलं, तुमच्या मोडेमचा रंग कोणता?

डॉक्टरांचा फोन थेट माझ्याकडे आला. त्या काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही, पण शब्दन् शब्द योग्य होता. मी ती तक्रार काढून अक्काला दिली आणि तिच्या सोप्या तक्रारी इतरांवर सरकवल्या. अक्कानं लाइनवाल्याला फोनवर असा काही झापला, की तासाभरात दवाखाना सुरू झाला.

आठवडा संपला तेव्हा, वजन धरून मोजलं तर, अक्का वर होती आणि चँपियन तळाला. मी सगळं साहेबांपुढे मांडलं. त्यांनी ते पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. चँपियनचं कौतुक ते वरपर्यंत करून बसले होते.

"बरं," शेवटी ते म्हणाले. "अक्का राहू दे. तळाला तो आहे, तर तोच जाईल."

मला हायसं वाटलं. इतकं, की क्षणभर साहेबही आवडले.

"फक्त त्याला तुम्हीच सांगा," साहेब लॅपटॉप मिटत म्हणाले. "मला जरा खाली जायचंय. आणि अक्काला आनंदाची बातमी मीच देतो. तिलाही बरं वाटेल."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. सोपं उचललं, अवघड सोडलं. आणि आता साहेबांना तहानही लागली होती. चँपियन निदान उघडून तरी बघायचा.

मी त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलला आणि चँपियनला लावला. "साहेबांच्या केबिनमध्ये ये. त्यांना तुझ्याशी बोलायचंय."

"अहो मॅडम, हे काय?" साहेब अर्धवट उठले होते.

"वाटणी," मी म्हटलं. "हे तुमच्याकडे. अक्काला मी सांगते."

काचेतून चँपियन येताना दिसत होता, केस नीट करत, हसत. त्याला वाटलं असणार, पुन्हा फोटो. मी दार उघडून धरलं, त्याला आत घेतलं आणि बाहेरून लावून घेतलं.