पाच का सोडले

मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आतच शिपाई सांगत आला की हेडसरांनी बोलावलंय, आत्ताच्या आत्ता. धम्मशीलाने भाकरीवरचं झाकण तसंच परत दाबलं. सुलतानपूरच्या या शाळेत ती गणित शिकवायला तासिका तत्त्वावर लागली होती, म्हणजे शिकवायचं सगळ्यांइतकंच, पण जूनमध्ये पुन्हा ठेवतील की नाही हे संस्था ठरवणार. अशा माणसाला "आत्ताच्या आत्ता" म्हटल्यावर थांबून चालत नाही. ती लगेच उठली.

हेडमास्तर भगवंतरावांनी बसा म्हणायच्या आधी मोबाइलच पुढे केला. दहावीच्या सराव परीक्षेतल्या बीजगणिताच्या एका प्रश्नाचा फोटो होता. खाली सुधाकररावांचा मेसेज. हे संस्थेचे सदस्य आणि वर्गातल्या धवलचे वडील.

"धवलला या प्रश्नात चारपैकी दोनच. त्याचं उत्तर पाच आणि तीस. ॲपमध्ये फोटो टाकला तर ॲपही पाच आणि तीस दाखवतं. मॅडमनी कोणत्या टप्प्याला किती गुण दिले ते लेखी कळवावं. चार वाजायच्या आत."

चार वाजताच का, ते दोघांनाही माहीत होतं. बुलढाण्याच्या एका मोफत निवासी वर्गात शाळेतून एकच मूल घेणार होते. राहणं, जेवण, दोन वर्षांचं शिकवणं, सगळं फुकट. सराव परीक्षेत बीजगणितात जो पहिला, त्याचं नाव आज चारपर्यंत कळवायचं होतं. चाळीसपैकी डिंपलला अडतीस होते, धवलला सदतीस. डिंपलचे वडील प्रसेनजित मेहकर रस्त्यावर ऑटो चालवत, आणि दहावीनंतर पुढं काय हा प्रश्न त्या घरात अजून कुणी मोठ्यानं विचारला नव्हता.

"तुम्ही इथंच सोडवून दाखवा," भगवंतराव म्हणाले. "मलेही कळू द्या. सुधाकरराव संध्याकाळी मीटिंगले येऊन राह्यले."

धम्मशीलाने कोरा कागद ओढला. प्रश्न तिनेच काढलेला. फोटोत लिहिलं होतं: गोठ्याच्या भिंतीला लागून शेळ्यांसाठी आयताकृती कुंपण करायचे आहे. भिंतीकडची बाजू सोडून उरलेल्या तीन बाजूंना एकूण ४० मीटर जाळी लागते. कुंपणाचे क्षेत्रफळ १५० चौरस मीटर असल्यास त्याच्या बाजू काढा.

समजा, भिंतीला काटकोनात असलेली बाजू x मीटर. अशा बाजू दोन, म्हणून भिंतीला समांतर बाजू ४० − २x. क्षेत्रफळ, x(४० − २x) = १५०. कंस सोडवून दोनने भागलं, x² − २०x + ७५ = ०. अवयव, (x − १५)(x − ५) = ०. x = १५ किंवा x = ५.

हात इथवर सरसर चालला आणि थांबला. नेहमीच्या गणितात एक उत्तर ऋण येतं, "लांबी ऋण नसते" असं लिहून मुलं त्याला वाटेला लावतात. इथं दोन्ही धन. x पाच धरला तर दुसरी बाजू तीस, पाच त्रिक पंधरा, दीडशे जमतात. x पंधरा धरला तर दुसरी बाजू दहा, तरीही दीडशेच. फोटोतल्या प्रश्नाप्रमाणं दोन्ही कुंपणं उभी राहत होती.

मग आपण धवलचं उत्तर चूक का ठरवलं? तिला आठवत होतं की प्रश्न काढताना भिंतीची लांबी दिली होती, वीस मीटर. म्हणूनच तिसाची बाजू बसत नव्हती. पण फोटोत ते वाक्य नव्हतं. छापणाऱ्याने गाळलं असेल तर? आपण प्रूफ बघितलं होतं का? त्या दिवशी एसटी उशिरा आली होती आणि तिने उभ्याउभ्याच सही केली होती, एवढं मात्र पक्कं आठवलं. बावन्न पोरांचे पेपर, आणि न छापलेल्या वाक्यावरून कापलेले गुण. तिने पेन खाली ठेवला.

"काय झालं?" भगवंतरावांनी विचारलं.

"सर, मले छापील प्रश्नपत्रिका पाहू द्या. कपाटात असेल."

"दोन्ही उत्तरं बरोबर येत असतील तर देऊन टाका ना धवलले चार. कटकट मिटते."

"पाहून येते, सर. दहा मिनिटं."

कपाटाची किल्ली लागता लागेना. पेपरच्या गठ्ठ्याखाली एक प्रश्नपत्रिका होती, कोपरा दुमडलेली. तिने प्रश्न शोधला. पानाच्या अगदी तळाशी तो होता आणि "बाजू काढा" इथं पान संपत होतं. तिने पान उलटलं. मागच्या पानावर सगळ्यात वर एकटंच वाक्य: भिंतीची लांबी फक्त २० मीटर आहे.

ती तिथंच स्टुलावर बसली. फोटो काढणाऱ्याने एकाच पानाचा काढला होता आणि ॲप बिचारं दिलं तेवढंच वाचणार. तीस मीटरची बाजू वीस मीटरच्या भिंतीला लागत नाही, म्हणजे x = ५ बाद, उत्तर पंधरा आणि दहा. नोकरीही वाचली आणि डिंपलही वाचली असं तिला वाटलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा भूक लागल्याचं जाणवलं.

भगवंतरावांनी दोन्ही पानं पाहिली आणि त्यांचाही चेहरा सैल झाला. "मस्त! मग आता टप्पे लिहा, धवलच्या पेपरचा फोटो काढा, आणि सोबत डिंपलचं पान जोडा. पूर्ण गुणांचं उत्तर कसं असते ते दिसू द्या त्यायले."

तिने शिक्षकखोलीत बसून टप्पे मांडले. x काय मानला, अर्धा. दुसरी बाजू x मध्ये, अर्धा. समीकरण, अर्धा. अवयव, अर्धा. दोन्ही उकली, अर्धा. भिंतीची अट लावून x = ५ का सोडला त्याचं कारण, एक. एककासह उत्तर, अर्धा. बेरीज चार. तपासताना हेच टप्पे डोक्यात होते, कागदावर मात्र आज पहिल्यांदा उतरले.

धवलचा पेपर उघडला. समीकरण, अवयव, दोन्ही उकली सगळं नेटकं. पुढं त्याने लिहिलं होतं, "लांबी रुंदीपेक्षा जास्त असते म्हणून x = १५ अग्राह्य." हे कारणच खोटं, आयताची कोणती बाजू मोठी यावर कुंपण अडत नाही. कारणाचा एक गेला, उत्तराचा अर्धा गेला. पण उरले अडीच, आणि तिने दिले होते दोन. अर्धा कुठं गेला? दुसरी बाजू त्याने ओळीत लिहिली नव्हती म्हणून कापला होता. आता पाहिलं तर शेजारी पेन्सिलची आकृती होती आणि तिच्या बाजूवर बारीक अक्षरात ४० − २x. आकृती तिने बघितलीच नव्हती. लाल पेनने तिने अर्धा वाढवला. साडेसदतीस. डिंपल अजूनही अर्ध्या गुणाने पुढेच होती, तेव्हा हे करायला जड गेलं नाही.

मग डिंपलचं पान काढलं. टपोरं अक्षर, ओळीखाली ओळ. समजा, दुसरी बाजू, समीकरण, अवयव, x = १५ किंवा x = ५. आणि त्याच्या लगेच खाली: "∴ x = १५. बाजू १५ मी. व १० मी."

धम्मशीलाने पान उलटून पाहिलं. मागे दुसरं गणित होतं. परत पुढं आली. कारण कुठंच नव्हतं. भिंतीचं नाव नाही, विसाचा आकडा नाही. उत्तर जुळलं म्हणून तिने चार देऊन टाकले होते.

एक गुण. अडतीसचे सदतीस, आणि धवल साडेसदतीस.

तिने खोलीत नजर फिरवली, कुणी नव्हतं. पान जोडायचं नाही, एवढंच करायचं होतं. धवलचं पान आणि प्रश्नपत्रिकेची दुसरी बाजू पाठवली की सुधाकरराव गप्प बसणार होते, भगवंतरावही मग डिंपलचं पान मागणार नव्हते. पोरीला उत्तर येत होतं, त्याला येत नव्हतं, ही गोष्टही खरीच होती. ज्याने मागचं पान वाचलंच नाही तो जाणार आणि जिने वाचलं ती राहणार, यात न्याय कोणता? तिला धवलचा नाही, स्वतःचाच राग आला. पावणेतीन वाजले होते.

पण "कारण, एक" हे तिच्याच अक्षरात समोर होतं. धवलचा खोट्या कारणासाठी गुण कापायचा आणि डिंपलला नसलेल्या कारणाचा द्यायचा, हे तिच्याने होईना. तिने चाराला काट मारून तीन लिहिले. सही केली. 

भगवंतरावांनी दोन्ही पानं टप्प्यांशी ताडून पाहिली. "डिंपलचा गुण कापा म्हणून कोणी सांगितलं होतं का?"

"टप्पे मागितले, सर. दोघायलेही तेच लागतात."

"हाव," ते म्हणाले आणि धवलचं नाव टाइप करायला घेतलं.

डिंपलला तिनेच बोलावलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा ते बरं. पोरगी दारात चप्पल काढून आत आली, तशी ती नेहमीच काढायची. धम्मशीलाने टप्प्यांचा कागद आणि पेपर शेजारी शेजारी ठेवले आणि सगळं सांगितलं, धवलचं नाव गेलं तेसुद्धा. डिंपल वाकून एकेक टप्पा बोट लावून वाचत गेली. सहाव्या टप्प्यावर बोट थांबलं.

"पाच काऊन सोडला, ते माहीत होतं ना तुले?" धम्मशीलाने विचारलं.

"हाव म्याडम. वीसच्या भिंतीले तीस कसे लागतीन?"

"मंग लिव्हलं काऊन नाही?"

डिंपलने मान खालीच ठेवली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, विचारलेल्याचं उत्तर द्यावं तसं तिने दिलं.

"दिवाळीच्या चाचणीत बी नव्हतं लिव्हलं म्याडम. तवा तुम्ही पुरे मार्क देल्ले होते."

धम्मशीलाने टप्प्यांचा कागद तिच्याकडे सरकवला. डिंपलने कंपासपेटीतून पेन काढला आणि वहीत सहावा टप्पा उतरवून घ्यायला लागली.