घागरा दुकानाचा, ब्लाउज आईचा

लग्नाचे कपडे भाड्याने देणाऱ्या त्या दुकानात मावशी बावीस वर्षं फिटिंगचं काम करत होत्या. नवऱ्यामुलाची शेरवानी पोटावर ताणली, नवरीचा घागरा कमरेत ढिला झाला, की पहिली हाक त्यांनाच. भाड्याच्या कपड्याला कात्री लावायची नाही, हा दुकानाचा नियम. आत घ्यायचं ते कच्च्या टाक्यांनी, कपडा परत आला की टाके उसवायचे. मावशींचे टाके उसवल्यावर कापडावर भोकसुद्धा दिसत नसे.

पण स्वतःच्या लेकीचं लग्न ठरलं आणि मावशींनी हट्ट धरला, की हिचा घागरा विकतच घ्यायचा.

"बावीस वर्षं परक्या मुलींना भाड्याचं नेसवलं. माझी लेक काय दुसरीने घातलेलं घालणार?"

लेक तरणतलावावर पोहायला शिकवायची. उंच, रुंद खांद्यांची आणि आईसारखीच ठाम. ती म्हणाली, "आई, तुझ्याकडे विकत घेतलेले घागरे दुरुस्तीला येतात ना? कसे येतात, सांग बरं."

 कसे येतात ते मावशींइतकं कुणाला माहीत होतं? जरीकाम काळं पडलेलं. घडीवर नेमकी जाळी विरलेली. हँगरला लटकवून ठेवला तर स्वतःच्याच वजनाने कमरपट्टी ओघळलेली. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडला तर ओलीचे डाग. सुती कापडात गुंडाळून, दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलून ठेवला, तरच टिकतो.

"आमच्या नव्या घरात एकच कपाट आहे," लेक म्हणाली. "त्यात नवऱ्याचे कपडे, माझे कपडे, पांघरुणं. घागरा कुठे ठेवू, त्याच्या डोक्यावर? आणि दर तीन महिन्यांनी घडी कोण बदलणार?"

"मी येईन."

"तू माझ्याकडे घडी बदलायला येणार? गप्पा मारायला ये की."

मावशींना हसू आलं, पण पदराआड.

दुसऱ्या दिवशी लेक भाड्याचा घागरा बघायला दुकानात आली. मालकीणबाईंनी स्वतः गर्द डाळिंबी रंगाचा घागरा काढून दिला. उंचीला कमी पडेल अशी मावशींना धास्ती होती. भाड्याचा घागरा आखूड करता येतो, पण वाढवायचा कुठून? त्यांनी काठ उलटून पाहिला. आत चार बोटं कापड दुमडलेलं होतं. ते सोडलं आणि घागरा बरोबर घोट्याशी आला. नाडी असल्यामुळे कमरेचा प्रश्नच नव्हता.

अडलं ते ब्लाउजपाशी. बाजूच्या शिवणीत दीड इंचाची माया, म्हणजे आत दाबलेलं जादा कापड होतं, ते सोडून छातीत बसला. पण खांदे? लेकीने हात वर केले आणि पाठीवर कापड टरटरलं.

"खांद्यात सोडायला कापडच नसतं," मावशी म्हणाल्या. "ओढणी दोन्ही खांद्यांवरून घेऊ. झाकलं जाईल."

लेक आरशातून त्यांच्याकडे बघत राहिली. "का झाकायचं, आई? गेल्या उन्हाळ्यात खोल पाण्यातून दोन माणसांना ओढून आणलंय याच खांद्यांनी."

मावशींच्या हातातली टाचणी तशीच राहिली. लेक वयात आल्यापासून त्या तिच्या प्रत्येक कपड्याला बाही जरा सैल आणि गळा जरा वर घेत आल्या होत्या. कुणी सांगितलं होतं त्यांना? कुणीच नाही.

"काढ तो ब्लाउज," त्या म्हणाल्या. मग मालकीणबाईंकडे वळल्या. "घागरा आणि ओढणी तुमची राहू दे. ब्लाउज मी शिवते."

"रंग जुळेल?"

"त्याच रंगाचा शोधत नाही. जुन्या सोन्याच्या रंगाचं रेशीम घेते. नंतर चार साड्यांवर चालेल, आणि रुमालाएवढ्या जागेत मावेल."

लेकीने वळून आईच्या गळ्यात हात टाकले. "हे मला कसं नाही सुचलं?"

"बावीस वर्षं तू नाही काढलीस इथे."

माप त्यांनी नव्याने घेतलं, हात खाली सोडून आणि वर करून, दोन्ही. हात मोकळा उचलता यावा म्हणून बगलेत चौकोनी तुकड्याची कळी घातली आणि मागचा गळा रुंद, खोल कापला. शिवताना पहिल्यांदाच त्या काही लपवत नव्हत्या.

लग्नात लेक मांडवात आली तेव्हा ओढणी एकाच खांद्यावर होती. पाठ ताठ, खांदे न लपवलेले. तिने हार घालायला दोन्ही हात उंच केले आणि ब्लाउजला कुठे सुरकुतीही पडली नाही. व्याह्यांकडच्या एका बाईंनी मावशींना हळूच विचारलं, "घागरा कुठून घेतलात हो?"

"भाड्याचा आहे," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "परवा परत करायचाय. ब्लाउज मात्र मी शिवलाय. आणि खांदे तिचे स्वतःचे आहेत."