मनमिळाऊ बॉयलर

आमच्या वृद्धाश्रमाचे अध्यक्ष एका पानाच्या वर काही वाचत नाहीत. डोळे शाबूत आहेत, चष्माही भारी आहे. पण दुसरं पान उलटायचं म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. म्हणून तपासणी पथकाचा बारा पानी अहवाल आला, तेव्हा त्याचा एका पानात सारांश करून द्यायचं काम मी आमच्या कारकुनाला दिलं. त्याला सगळे घाईराव म्हणतात. काम त्याच्याकडे देतानाच मला कळायला हवं होतं, पण व्यवस्थापक झालं की माणसाला नको तिथे विश्वास टाकायची सवय लागते.

घाईरावने अहवालाची पानं स्कॅन करून संगणकाकडून त्यातला मजकूर उचलून घेतला, सारांश करणाऱ्या प्रोग्रामला दिला आणि चहा यायच्या आत कागद छापून अध्यक्षांच्या घरी पोचवलासुद्धा. मला दाखवायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. दुपारी बारा वाजता अध्यक्षांचा फोन आला.

"सात नंबरच्या काकांना महिनाअखेर दुसरीकडे हलवावं लागेल," ते म्हणाले. "चारच्या बैठकीत ठराव करू. त्यांच्या मुलीच्या कानावर आधी घाला."

सात नंबरमध्ये जुळारीकाका राहतात. आयुष्यभर वर्तमानपत्राच्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून पानं लावली, म्हणून हे नाव. अहवालात त्यांच्याविरुद्ध काय असणार? मी सारांश मागवला आणि वाचला.

"सात नंबरच्या रहिवाशांना वीस वर्षांपासून सकाळी गळतीचा व शिट्टी वाजवण्याचा त्रास असून त्यांना तातडीने बाहेर हलवावे. तळघरातील बॉयलर शांत व मनमिळाऊ आहे. त्याच्याबद्दल कोणाचीही तक्रार नाही."

"हे तू वाचलंस?" मी घाईरावला विचारलं.

"वाचलं ना, ताई. किती सुटसुटीत आहे."

"मनमिळाऊ बॉयलर?"

"मला वाटलं, चांगल्या कंपनीचा असेल."

ह्या माणसाला काय बोलणार. मी संगणकाने उचललेला मूळ मजकूर उघडायला लावला. तिथे असं होतं: "खोली सातमधले रहिवासी तळघरातला पाणी तापवणारा बॉयलर शांत, मनमिळाऊ, रोज सकाळी वीस वर्षं जुना, चालू केला की बागेत फिरतात. त्यांच्याबद्दल गळतो, शिट्टी वाजवतो. त्याला कोणाचीही तक्रार नाही. तातडीने बाहेर काढावे."

मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. हा गोंधळ जसाच्या तसा अध्यक्षांकडे गेला असता, तर त्यांनीही हसून परत पाठवला असता. पण प्रोग्रामने तो इस्त्री करून पाठवला होता. वेडेपणाच्या सगळ्या चुण्या गेल्या आणि खाली उरला एक शहाणा दिसणारा ठराव.

काकांना काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण घाईराव वर जाऊन सांगून आला. काका जिना उतरून, वाटेत दोनदा थांबून, माझ्या खोलीत आले. चेहरा उतरलेला होता.

"मी शिट्टी वाजवतो, असं कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं. "मला येतसुद्धा नाही."

मी पडद्यावरचा मजकूर त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी दोन ओळी वाचल्या, मग बोटाने हवेत मधोमध एक उभी रेघ ओढली.

"अहवाल दोन स्तंभांत छापलाय ना? ह्याने आडवं वाचलंय. डावीकडची एक ओळ, लगेच उजवीकडची एक ओळ. डावा स्तंभ खालपर्यंत वाचायचा, मग वर जाऊन उजवा. आमच्याकडे असं पान लागलं असतं, तर मुख्य जुळाऱ्याने मला घरी पाठवलं असतं."

छापील अहवाल काढून ताडून पाहिला. अगदी तसंच. डाव्या स्तंभात काका शांत, मनमिळाऊ, रोज सकाळी बागेत फिरणारे, तक्रार नसलेले. उजव्यात बॉयलर: वीस वर्षं जुना, गळणारा, शिट्टी वाजवणारा, तातडीने बाहेर काढायचा. आम्ही माणसाला बाहेर काढून बॉयलरला ठेवून घेणार होतो.

मग आम्ही कामाला लागलो. आधी सारांशाचा विचारच करायचा नाही, असं काकांनी बजावलं. छापील पान समोर ठेवून घाईरावने प्रत्येक स्तंभ वेगळा केला, डावा आधी, उजवा नंतर. जिथे वाक्य डाव्या स्तंभाच्या तळाशी अर्धं राहिलं होतं, तिथे ते उजव्याच्या माथ्याशी जोडलं. तीन वाजेपर्यंत अकरा पानं माणसांत आली. बाराव्या पानावरही घाईरावने तेच केलं आणि विजयी वीरासारखा ओरडला.

"काका, तुमचं काम झालं. इथे तर तुमच्या खोलीबद्दल 'आहे तिथेच ठीक' लिहिलंय."

मला इतका आनंद झाला की विचारू नका. काकांची खोली म्हणजे त्यांची खिडकी. समोर बसथांबा आहे. दर रविवारी दुपारी त्यांची मुलगी तिथे उतरते, वर बघते आणि हात हलवते. काका तासभर आधीपासून खिडकीत असतात. सकाळी एकदा फिरून आले की दुसऱ्यांदा जिना त्यांच्याने होत नाही, म्हणून भेट खिडकीतूनच सुरू होते.

काका पडद्याकडे बघत राहिले.

"डावीकडे खोल्या किती?"

"चार," घाईराव म्हणाला. "पाच, सहा, सात, आठ."

"आणि शेरे?"

"खाट बदलावी. तळमजल्यावर खोली द्यावी. आहे तिथेच ठीक." तो थांबला. "तीनच."

"मग चौथीचा शेरा कुठे गेला? हा स्तंभ नव्हे, तक्ता आहे. हे पान आडवंच वाचायचं."

मी छापील पान पाहिलं. सहा नंबरसमोरची चौकट कोरी होती. खाली खाली वाचताना कोरी जागा गळून गेली आणि पुढचे सगळे शेरे एक घर वर सरकले. पाचसमोर खाट होती. सातसमोर लिहिलं होतं: तळमजल्यावर खोली द्यावी. 'आहे तिथेच ठीक' आठ नंबरचं होतं.

मग मीच म्हणाले, "काका, एका पानाच्या सारांशात सगळं कुठे मावतं? तक्ता गाळला तरी चालेल."

खरं सांगते, मी ते मनापासून म्हटलं होतं.

"तक्त्यातच तर निर्णय आहेत, ताई. ते गाळून काय राहील, बॉयलरची शिट्टी?" काकांनी चष्मा काढून पुसला. "आणि सहा नंबरच्या आजींना उगाच खाली पाठवाल. त्या दिवसातून दहा वेळा जिना चढतात. ओळ माझ्या सोयीची आहे म्हणून ती माझी होत नाही."

मी सारांश हाताने लिहिला. पहिल्या ओळीत बॉयलर, शेवटच्या ओळीत सात नंबर, तळमजला. काकांनी कागद वाचला, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि परत दिला.

बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "सकाळच्या कागदात बॉयलर चांगला होता."

"सकाळी तो मनमिळाऊ होता," मी म्हटलं. "दुपारी आम्ही त्याला नीट ओळखलं."

बॉयलर चार दिवसांत गेला. काका शुक्रवारी तळमजल्यावर दोन नंबरला आले. खिडकीतून कुंपणाची भिंत दिसते, बाकी काही नाही. दोन दिवस माझं मन मला खात राहिलं.

रविवारी दुपारी मी कार्यालयाच्या दारात उभी होते, तिथून बसथांबा दिसतो. बस थांबली, मुलगी उतरली आणि सवयीने वर बघून तिने हात उचलला. सात नंबरची खिडकी बंद होती. तिचा हात तसाच राहिला.

तेवढ्यात कोणीतरी तिच्या हातातली पिशवी घेतली. काका तिच्या शेजारीच उभे होते.