बारा काठांचे एकोणचाळीस धनी

अंजूने करारावर सही केली मंगळवारी, आणि आपण काय करून बसलो ते तिला कळलं शुक्रवारी दुपारी.

घर गोळीबार चौकामागचं. पुढच्या खोलीत वडिलांचा, जागेश्वररावांचा, हातमाग. मागच्या खोलीत अंजूचा संगणक. वडील टसरच्या साड्या विणत, करवतीच्या दात्यांसारख्या काठाच्या. अंजू त्याच काठांचे पोत इंटरनेटवर विकी. व्हिडिओ गेममधल्या राणीला लुगडं नेसवायचं, तर तिच्या आकृतीवर कापडाचं चित्र चढवावं लागतं. अंजू कापड ताणून ठेवी, दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझिंग फिल्टर लावून टसरची चमक मारी, फोटो काढी, आणि कडा अशा जुळवी की तुकड्याशेजारी तुकडा मांडला तरी सांधा सापडू नये. मग रंगाचं एक चित्र, धाग्यांच्या उंचसखलपणाचं दुसरं, चकाकी-खरखरीचं तिसरं.

त्याआधी तिने ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सहा महिने खपून अख्खा हातमाग उभा केला होता, खुंटीखिळ्यांसकट. वर्षात दोन गिऱ्हाइकं. बारा काठांचा संच मात्र आठ महिन्यांत एकोणचाळीस जणांनी घेतला. माग कोणाला लागतो? कापड सगळ्यांना लागतं.

पुण्याच्या एका गेम कंपनीला तोच संच हवा होता, पण फक्त स्वतःसाठी. सोबत दोन वर्षांचं काम. अंजूने विक्रीचं पान उतरवलं, सही केली आणि बुधवारी बुटीबोरीच्या गिरणीतल्या नोकरीचा राजीनामा दिला. विणकराच्या घरची मुलगी. दुकानात विकायला ठेवलेली साडी परत उचलून आणली की ती आपली, मग कोणालाही द्या, असा तिचा हिशेब.

शुक्रवारी पोलंडच्या एका गिऱ्हाइकाचं पत्र आलं. तुमचं पान दिसत नाही, पण माझ्या खात्यातून संच पुन्हा डाउनलोड करता आला, आभार, माझा खेळ हिवाळ्यात येतोय.

अंजूने परवान्याच्या अटी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचल्या. एकदा घेतलं की कायमचं, कितीही खेळांत वापरा, फक्त मूळ फाइल पुढे विकू नका. पान उतरवल्याने नवी विक्री थांबते. दिलेले परवाने राहतात. मग तिने पुण्याचा करार उघडला. नवव्या कलमात तिने लिहून दिलं होतं, की हे काम याआधी कोणालाही दिलेलं नाही. खोटं निघाल्यास सगळं नुकसान तिच्यावर.

ती पुढच्या खोलीत आली. मागावरचा धोटा थांबला.

"काहून वं, तोंड काहून उतरलं?"

तिने सांगितलं. जागेश्वररावांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे एकच साडी चाळीस जणींले नेसवली तू."

"बाबा, चेष्टा नका करू."

"चेष्टा नाही वं. मी जलमभर एक साडी दोनदा विकू शकलो नाही. पुण्याले मालूम हाय?"

"नाही. सांगितलं तर काम जाते. नाही सांगितलं तर एक दिवस तो पोलंडवाला त्यांच्या नजरेत येईनच."

"मंग सांग. नोकरी तं तशीबी सोडली."

पुण्याच्या कंपनीतल्या मोनालीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तेच जास्त कठीण गेलं.

"अंजूताई, सहीच्या आधी बोलला असता तर! आता एवढंच करता येईल. हा संच आता आम्हाला नको. बारा नवे काठ द्या, कुठेच न दिलेले, दहा आठवड्यांत. आणि पाच वर्षं करवती काठाचा पोत दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही."

"जुना संच परत विकायला ठेवू शकते ना मी?"

"नाही. तोही त्यातच आला."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर करार मोडला असं धरावं लागेल. विचार करून सांगा."

विचार कशाचा करायचा? अंजू हो म्हणाली आणि फोन ठेवल्यावर वडिलांकडे वळली.

"बाबा, बारा काठ नवे पाहिजेत. हात हात भराचे तुकडेच विणा, फोटोपुरते."

"नवे म्हणजे?"

"त्या संचात नाहीत असे."

"दाखव बरं, कोणते नाही चालत."

ते मागच्या खोलीत आले. अंजू एकेक चित्र उघडत गेली. लहान दाते, मोठे दाते, दुहेरी, पाठीला पाठ लावलेले. ते प्रत्येकाला मान हलवत होते, ओळखीचं माणूस दिसावं तशी. बारावं चित्र झालं तरी ते पडद्याकडेच पाहत राहिले.

"पुढचं दाखव."

"संपले, बाबा. बाराच आहेत."

"मले येतेतही बाराच, पोरी. आज्यानं तेवढेच शिकवले."

अंजूने माउसवरचा हात काढला. जागेश्वरराव माग असलेल्या खोलीत गेले, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले आणि उजव्या हातात धोटा घेतला. ताण्यावर संचातल्या तिसऱ्या क्रमांकाचा काठ अर्धा झाला होता.

"अंजू," त्यांनी विचारलं, "हा तरी पुरा करू का?"

पाच वर्षांची ती अट घरातल्या मागाला लागू होती की फक्त चित्राला, हे तिला सांगता येईना. मोनालीने मेलवर धाडलेला सुधारित करार ती पहिल्या पानापासून वाचू लागली.